बिल्डरने घेतलेल्या सह्या म्हणजे पुनर्विकासाची संमती नव्हे

प्रश्न: आमची मुलुंड पूर्वेची सोसायटी, ४२ फ्लॅट, १९८४ ची बिल्डिंग. मी मागच्या वर्षी सेक्रेटरी झाले. एका बिल्डरच्या माणसांनी घरोघरी फिरून ३१ सह्या घेतल्यात आणि आता म्हणतायत मेजॉरिटी झाली, आम्हाला एलओआय, म्हणजे काम आम्हालाच देणार असं पत्र, द्या. कोणी म्हणतं ७५ टक्के लागतात, कोणी ७०, कोणी ५१. सात जण पूर्ण विरोधात आहेत. हा बिल्डर ४० टक्के जास्त कार्पेट आणि प्रत्येकी ६ लाख कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसे, म्हणतोय, दुसरा एक २८ टक्के आणि ५ लाख म्हणतोय पण त्याच्याकडे कोणी बघायलाच तयार नाही. ॲग्रीमेंटचा ड्राफ्टही पहिल्याच बिल्डरने पाठवलाय, त्यात सही झाल्यापासून तीन महिन्यांत घरं रिकामी करायची असं आहे. काय करू?
एक सेक्रेटरी, मुलुंड

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी एक काम करा, तो एलओआय देऊ नका. आज नाही आणि पुढच्या आठवड्यात पण नाही. कोणी कितीही घाई केली तरी "मॅनेजिंग कमिटीला जनरल बॉडीच्या ठरावाशिवाय असं पत्र द्यायचा अधिकार नाही" एवढं एकच वाक्य बोला आणि तेच लेखी कळवा, सोसायटीच्या लेटरहेडवर, आणि पत्राच्या कॉपीवर पोच घ्या.

आता टक्क्यांचं बघू, कारण हा घोळ प्रत्येक सोसायटीत असतो आणि गंमत म्हणजे तुमच्याकडचा एकही माणूस मनाने आकडा सांगत नाहीये, प्रत्येकाचा आकडा कुठून ना कुठून आलेलाच आहे. ७५ टक्के हे ३ जानेवारी २००९ च्या सरकारी निर्देशातलं, तेव्हा सभेला हजर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांची मंजुरी लागायची. ७० टक्के हा झोपडपट्टी पुनर्वसन आणि जुन्या उपकरप्राप्त चाळी-इमारतींच्या योजनांमधला जुना आकडा, त्याचा तुमच्याशी काही संबंध नाही. तुमच्यासारख्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेला लागू आहे तो ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय, सहकार कायद्याच्या कलम ७९ अ खालचा, आणि त्यात ५१ टक्के आहे. पण हे ५१ टक्के कशाचे हे नीट बघा, ते हजर असलेल्यांचे नाहीत, एकूण सभासदांचे आहेत, आणि नुसता हात वर करून चालत नाही, लेखी लागतं. शिवाय त्याच्या आधी कोरमची अट वेगळी आहे, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश लोक सभेला प्रत्यक्ष पाहिजेत.

तुमच्या सोसायटीचं गणित करून देतो. ४२ चे दोन तृतीयांश म्हणजे २८. एवढे लोक त्या विशेष सर्वसाधारण सभेत बसलेले पाहिजेत, प्रॉक्सी चालत नाही, आणि परदेशात असलेल्या सभासदाचा व्हॉट्सॲपवर आलेला अंगठा हजेरीत धरता येत नाही. ४२ चे ५१ टक्के होतात २१.४२, म्हणजे २२ लेखी होकार लागतात. समजा सभेला २९ जण आले आणि त्यातले २१ हो म्हणाले, तर हजर लोकांच्या हिशोबाने ते ७२ टक्के होतात, सगळे टाळ्या वाजवतात, पण ठराव पास झालेला नसतो. आणि हे दोन वेळा करायचं असतं हे लक्षात ठेवा. पहिली सभा पुनर्विकास करायचा की नाही आणि पीएमसी, म्हणजे सोसायटीचा प्रकल्प सल्लागार, कोण हे ठरवायला. दुसरी, बऱ्याच महिन्यांनी, बिल्डर निवडायला, आणि त्या दुसऱ्या सभेला उपनिबंधक कार्यालयाचा अधिकारी बोलवायचा, व्हिडिओ शूटिंग करायचं. तो अधिकारी बिल्डर निवडत नाही, पद्धत नीट पाळली जातेय की नाही एवढंच बघतो.

मग त्या ३१ सह्यांचं काय? दुसऱ्या बिल्डरची ऑफर न बघता, फीजिबिलिटी रिपोर्ट न बघता, जिन्यात उभं राहून केलेली सही आहे ती. सभेच्या बाहेर बिल्डरने गोळा केलेला कागद हा ७९ अ खालचा होकार नव्हे. लोकांचा कल कुठे आहे एवढं त्यावरून कळतं, तेवढाच त्याचा उपयोग. फक्त एक करा, सही केलेल्या चार-पाच जणांकडून त्या कागदाचा फोटो मागून घ्या आणि त्यात "अपरिवर्तनीय संमती" किंवा "दुसऱ्या कोणत्याही विकासकाला संमती देणार नाही" असं काही आहे का बघा. असेल तर त्या सभासदांनी आत्ताच एक साधं पत्र देऊन ठेवावं की आमचा निर्णय जनरल बॉडीच्या ठरावावर अवलंबून राहील. पुढे जाऊन हेच कागद कोर्टात दाखवले जातात म्हणून सांगतोय.

इथे एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ७९ अ ची ही कार्यपद्धती मार्गदर्शक आहे, तंतोतंत बंधनकारक नाही, असं मुंबई हायकोर्टाने सांगितलेलं आहे, त्यामुळे एखादी तारीख मागेपुढे झाली म्हणून सगळी प्रक्रिया रद्द होईल असं विरोधकांनीही धरू नये आणि तुम्हीही त्या भीतीने झोप उडवू नका. पण जिथे कोरम नाही, लेखी बहुमत नाही, टेंडर नाही आणि थेट एलओआय आहे, तिथे पाया नाही, आणि असं प्रकरण कुठल्याही एका नाराज सभासदाला दोन-तीन वर्षं अडवून धरता येतं.

सात जणांबद्दल. बहुमताने रीतसर ठराव झाला की विरोधातले सभासदही त्याने बांधलेले असतात. हायकोर्टाच्या खंडपीठाने २००९ मध्येच हे स्पष्ट केलंय, आणि सगळं नीट झाल्यावर शेवटी कोणी घर सोडायला तयार नसेल तर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली कोर्टातून आदेश मिळतात. म्हणजे ताकद तुमच्याकडे आहे. पण म्हणूनच मी तुम्हाला कळकळीने सांगतो की ती शेवटची पायरी ठेवा, आधी या सात जणांना एक एक करून भेटा, एकत्र नको. माझा अनुभव असा आहे की "विरोध" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा विरोध पुनर्विकासाला नसतो, त्यांच्याकडे एक ठोस प्रश्न असतो जो कोणी नीट ऐकून घेतलेला नसतो. तळमजल्यावरच्या आजींना दहावा मजला नको असतो. कोणाची बाल्कनी बंद करून खोली केलेली असते आणि ती मोजणीत जाईल अशी भीती असते. कोणाच्या फ्लॅटवर बँकेचं कर्ज चालू असतं. हे प्रश्न लिहून घ्या, कारण यातले निम्मे तरी पुढे ॲग्रीमेंटच्या कलमांतच जाणार आहेत.

आणि हो, जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का? तुम्ही लिहिलं नाहीत. प्रॉपर्टी कार्डवर सोसायटीचं नाव आहे का ते आजच बघा. तिथे अजून १९८४ च्या जुन्या बिल्डरचं किंवा मूळ मालकाचं नाव असेल तर आधी डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे त्या मालकाच्या सहीशिवाय सरकारकडून मालकी मिळवायचा, अर्ज टाका, बाकी सगळं त्याच्यानंतर. ज्या जमिनीचे आपण कागदोपत्री मालक नाही तिचे विकासहक्क देऊन बसलो तर त्या जुन्या मालकाला मधे घुसायला दार उघडं राहतं.

आता त्या ४० आणि २८ टक्क्यांकडे येतो, कारण तुमच्या सोसायटीचं खरं नुकसान किंवा फायदा इथे ठरणार आहे आणि दुसऱ्या बिल्डरकडे कोणी बघतच नाही हे वाचून मला काळजी वाटली.

पहिला प्रश्न, कशाच्या ४० टक्के? तुमचा फ्लॅट कार्पेट ४५० स्क्वेअर फूट धरू. जुन्या पद्धतीने ही मोजणी भिंतीच्या आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत, खोलीखोलीची, म्हणजे जिथे लादी दिसते तेवढीच. रेरा कार्पेट मात्र वेगळं आहे, त्यात घराच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जाडीही धरतात, फक्त बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी वगैरे वगळतात. एक दिवस टेप घेऊन स्वतःच्या घरात मोजून बघा. साडेचार इंची विटेची भिंत, म्हणजे ०.३७५ फूट, आणि नव्या टू बीएचकेमध्ये आतल्या भिंतींची लांबी सहज ६० फूट भरते, गुणाकार केला की साडेबावीस स्क्वेअर फूट भिंतीतच गेले. पहिल्या बिल्डरचे ४० टक्के म्हणजे ६३० होतात, आणि मी पैजेवर सांगतो की ऑफर लेटरमध्ये "६३० रेरा कार्पेट" लिहिलेलं असेल, म्हणजे लादी दिसेल ती ६०७-६०८. दुसऱ्याचे २८ टक्के म्हणजे ५७६, त्याने जर ते जुन्या पद्धतीने, प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर दिले असतील, तर रेराच्या भाषेत ते ५९८-५९९ आहेत. म्हणजे ५४ फुटांचा वाटणारा फरक ३१-३२ फुटांवर आला, नुसती मोजपट्टी एक केल्यावर. म्हणून टेंडरमध्येच लिहायचं, आर्किटेक्टने प्रत्येक फ्लॅटची प्रत्यक्ष मोजणी करायची, ती यादी प्रत्येक सभासदाने सही करून मान्य करायची, आणि सगळ्या बिल्डरांनी त्याच एका व्याख्येवर ऑफर द्यायची. बाल्कनी, फ्लॉवर बेड, नीश असलं काहीही कार्पेटमध्ये घुसवायचं नाही.

दुसरा प्रश्न, हे जास्तीचं येणार कुठून? ३२ फूट गुणिले ४२ फ्लॅट म्हणजे १३४४ फूट. तुमच्या भागात नव्या फ्लॅटचा भाव कार्पेटला २५ हजार धरला, हा आकडा फक्त हिशोबासाठी धरतोय, तर हे झाले ३ कोटी ३६ लाख. वर प्रत्येकी एक लाख जास्त कॉर्पस म्हणजे आणखी ४२ लाख. असे पावणेचार कोटींच्या वर पहिला बिल्डर जास्त देतोय, आणि प्लॉट तोच, रस्ता तोच, महापालिकेचे नियम दोघांना तेच. कदाचित तो खरंच कमी नफ्यात काम करायला तयार असेल, तसेही लोक आहेत. पण जास्त वेळा मी बघितलंय ते असं की त्याने हातात नसलेला एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल तो आकडा, धरलेला असतो. मुंबईत तुमच्या प्लॉटवर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, किती चढवता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि बिल्डर हिशोबात विकास आराखड्यातली भविष्यातली रुंदी पकडून बसतो, प्रत्यक्षात रस्ता तेवढा नसतो. किंवा शेजारचा प्लॉट पण मिळेल असं गृहीत धरतो. मग ॲग्रीमेंट झाल्यावर, घरं रिकामी झाल्यावर, पत्र येतं की मंजूर नकाशाप्रमाणे ४० टक्के बसत नाहीत, ३० घ्या. त्या वेळी तुम्ही भाड्याच्या घरात असता, हो म्हणण्याशिवाय इलाज नसतो.

यावर उपाय एकच, बिल्डरच्या आधी पीएमसी. पहिल्या सभेत पीएमसी नेमा, सोसायटीच्या पैशाने, कुठल्याही बिल्डरच्या शिफारशीने नको. त्याच्या फीजिबिलिटी रिपोर्टमध्ये एक आकडा मिळेल की या प्लॉटवर एकूण किती कार्पेट उभं राहू शकतं. समजा तो म्हणाला ५२ हजार. पहिल्या बिल्डरच्या हिशोबाने तुमच्या ४२ जणांना २६,४६० गेले, त्याच्याकडे विकायला उरले २५,५४०. यातून बांधकाम, महापालिकेचे प्रीमियम, तुमचं भाडं, कॉर्पस, व्याज सगळं भागून नफा राहतो का, हे पीएमसीने एका कागदावर मांडून दाखवायचं आणि तो कागद सभेत सगळ्यांना वाटायचा. ज्या ऑफरमध्ये बिल्डरला काहीच उरत नाही ती ऑफर सगळ्यात धोक्याची, हे एकदा आकड्यात दिसलं की बैठकीतला सूर बदलतो, मी बदलताना बघितलाय.

बिल्डर बघायला जाताना त्याचं चालू असलेलं काम आणि सॅम्पल फ्लॅट बघू नका. त्याने ओसी, म्हणजे राहायला जायची परवानगी, घेऊन, जुन्या सभासदांना चावी देऊन पूर्ण केलेल्या पुनर्विकासाच्या सोसायट्यांची यादी मागा, आणि बिल्डरचा माणूस सोबत न घेता जा. तिथल्या खजिनदाराला विचारा, भाडं कितव्या महिन्यात पहिल्यांदा उशिरा आलं. असंच विचारा, "उशीर झाला का" असं विचारलं तर लोक संकोचाने नाही म्हणतात. महारेराच्या साइटवर त्याच्या प्रत्येक प्रोजेक्टची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख दोन्ही दिसतात, तक्रारीही दिसतात. आणि करारात नक्की कोणती कंपनी सही करणार आहे ते बघा, कारण नाव मोठ्या ग्रुपचं असतं आणि सही करणारी एलएलपी तुमच्याच प्रोजेक्टसाठी मागच्या महिन्यात काढलेली असते, तिच्या खात्यात काहीच नसतं. अशा वेळी मूळ कंपनीची लेखी हमी आणि भागीदारांची वैयक्तिक हमी मागायची. कमिटीतल्या कोणाचा नातेवाईक बिल्डर असता कामा नये हे तर शासन निर्णयातच आहे.

आता ड्राफ्ट. बिल्डरने पाठवलेला ड्राफ्ट बाजूला ठेवा, सोसायटीच्या वकिलाकडून आपला ड्राफ्ट बनवा आणि बिल्डरला त्यावर दुरुस्त्या सुचवू दे. जो ड्राफ्ट लिहितो त्याच्या बाजूने करार झुकतो, वकिलाची फी यात वसूल होते. आणि हा ड्राफ्ट टेंडरसोबतच जोडून द्या म्हणजे निवड झाल्यावर नव्याने घासाघीस करावी लागत नाही.

ड्राफ्टमध्ये सगळ्यात जास्त डोकं खाली घालून वाचायचं ते घर रिकामं करण्याचं कलम. सही झाल्यापासून तीन महिने, हे कधीच मान्य करू नका. तारखेवर घर सोडायचंच नाही, कागद हातात आल्यावर सोडायचं. काही जण म्हणतील सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा दाखला, आल्याशिवाय हलायचं नाही, पण मुंबईत जुनी इमारत पाडल्याशिवाय सीसी मिळत नाही, त्यामुळे ती अट बिल्डर मान्य करूच शकत नाही आणि मग त्या नावाखाली सगळीच अट सैल करून घेतो. म्हणून अट अशी घाला: पूर्ण इमारतीच्या नकाशाला आयओडी, म्हणजे महापालिकेची पहिली मंजुरी, मिळालेला असावा आणि तो नकाशा जनरल बॉडीपुढे ठेवलेला असावा, निदान सभासदांच्या क्षेत्राला लागणाऱ्या एफएसआयचे पैसे महापालिकेत भरल्याची पावती असावी, प्रत्येक सभासदाबरोबर त्याच्या नव्या फ्लॅटचा, मजला नंबर क्षेत्रफळ आणि नकाशासकट, वेगळा रजिस्टर्ड करार झालेला असावा, बँक गॅरंटी सोसायटीच्या हातात असावी आणि भाड्याचे चेक वाटलेले असावेत. हे सगळं झाल्यावर सोसायटीने लेखी कळवायचं की अटी पूर्ण झाल्या, आणि त्या पत्रापासून तीस किंवा पंचेचाळीस दिवस. बिल्डरच्या नोटिशीपासून नव्हे.

बँक गॅरंटीवर बिल्डर सगळ्यात जास्त कुरकुर करतात, आणि सोसायट्या सगळ्यात आधी तीच सोडून देतात, "एवढा मोठा माणूस आहे, गॅरंटी काय मागायची" म्हणून. शासन निर्णयात प्रकल्पाच्या खर्चाच्या २० टक्के सांगितलीय. तुमच्याकडे बांधकामाचा खर्च २८ कोटी धरला तर गॅरंटी होते ५ कोटी ६० लाख. आता भाड्याचा हिशोब शेजारी ठेवा, प्रत्येक फ्लॅटला महिन्याला २८ हजार भाडं धरलं तर २८ हजार गुणिले ४२ म्हणजे महिन्याला ११ लाख ७६ हजार. उद्या काम अर्धवट थांबलं तर ही गॅरंटी तुमचं जवळजवळ चार वर्षांचं भाडं भरते, म्हणजे नवीन बिल्डर शोधायला, कोर्टात जायला, श्वास घ्यायला तेवढा वेळ मिळतो.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. माझ्या मामांच्या सोसायटीत गॅरंटी नव्हती, तिच्या जागी "विकासक दोन फ्लॅट सोसायटीकडे तारण ठेवेल" असं कलम होतं, आणि ते फ्लॅट अर्थातच अजून बांधायचे होते. चौदाव्या महिन्यात भाड्याचा चेक परत आला. मामींनी बँकेची ती छोटी पावती, "फंड्स इन्सफिशियंट" लिहिलेली, डब्यात जपून ठेवली होती, मला दाखवताना त्यांचा हात थरथरत होता, कारण घरमालकाने पुढच्या महिन्यात घर सोडायला सांगितलं होतं. प्लॉटवर खड्डा आणि पाणी, पत्र्यांना गंज. पाच वर्षांत त्यांनी चार घरं बदलली, मामा नवीन घर बघायला राहिले नाहीत. तेव्हापासून मी कुठल्याही सोसायटीला गेलो की पहिला प्रश्न गॅरंटीचा विचारतो.

गॅरंटी घेताना शब्द बघा. सोसायटीने मागितल्यावर बँकेने विनाअट पैसे द्यायचे असं पाहिजे, "विकासकाने कसूर केल्याचं लवादाने ठरवल्यावर" असं असेल तर तो कागद नुसता कागद आहे. मुदत संपायच्या तीस दिवस आधी नूतनीकरण झालं नाही तर तेवढ्याच कारणावरून गॅरंटी वटवता येईल हेही त्यात हवं, नाहीतर बारा महिन्यांची गॅरंटी तेराव्या महिन्यात गायब होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. बिल्डरसाठी एक सवलत मला रास्त वाटते, काम पुढे सरकेल तशी गॅरंटी कमी करत जायची, समजा प्लिंथला थोडी, शेवटच्या स्लॅबला थोडी, पण किमान एक हिस्सा ओसी मिळून सगळे राहायला येईपर्यंत सोडायचा नाही. भाड्याचं पण असंच, पहिल्या वर्षाचं एकदम आगाऊ, पुढचे चेक हातात, दरवर्षी वाढ लिहिलेली, आणि चावी मिळेपर्यंत चालू, "३६ महिन्यांपर्यंत" असं नाही. शासन निर्णयात काम दोन वर्षांत, अपवाद म्हणून तीन वर्षांत पूर्ण करायचं म्हटलंय, पण करारात भाडं मुदतीला बांधलं तर उशिराचा सगळा भार तुमच्यावर येतो.

बाकी कलमांपैकी दोनच सांगतो. गहाणाचं एक: बिल्डरला कर्ज काढायचं असेल तर ते फक्त त्याच्या विक्रीच्या फ्लॅटवर, सोसायटीची जमीन आणि सभासदांचे फ्लॅट कुठल्याही कर्जाला तारण जाणार नाहीत, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या पत्रातही तसं लिहून आलं पाहिजे. आणि करार मोडण्याचं दुसरं: भाडं इतके महिने थकलं, काम इतके दिवस बंद पडलं, गॅरंटीचं नूतनीकरण झालं नाही, कंपनीतले भागीदार सभेच्या मंजुरीशिवाय बदलले, अशी कारणं नेमकी लिहा, नोटिशीचे दिवस लिहा, आणि मुदत संपल्यावर कुलमुखत्यारपत्र आपोआप रद्द होईल, जागेचा ताबा सोसायटीकडे येईल हे लिहा. बिल्डरच्या ड्राफ्टमध्ये मुखत्यारपत्र "अपरिवर्तनीय" असेल, बघा, हमखास असतं. त्या एका शब्दामुळे बंद पडलेल्या प्रोजेक्टमध्ये दुसरा बिल्डर पाऊल ठेवायला घाबरतो. रेरा आहेच की, असं कोणी म्हणालं तर सांगा की रेराची नोंदणी मुख्यतः विकायच्या फ्लॅटसाठी असते, आपण तिथे ग्राहक म्हणून सहसा उभे राहू शकत नाही, आपल्याला जे काही वाचवायचंय ते या करारात.

तर या महिन्यात एवढंच करा. प्रॉपर्टी कार्ड काढा. दोन्ही बिल्डरांना एकसारखं पत्र द्या की टेंडर निघेल तेव्हा कळवू, दुसऱ्यालाही द्या, त्याला गमावू नका. विशेष सभेची चौदा दिवसांची नोटीस काढा, विषय फक्त दोन, पुनर्विकास करायचा का आणि पीएमसी कोण, बिल्डरचं नाव अजेंड्यावर येऊ देऊ नका. नोटीस प्रत्येकाच्या सहीने पोचवा, बाहेरगावच्यांना रजिस्टर्ड पोस्टाने. २८ जण येतील याची आठवडाभर आधीपासून घरोघरी जाऊन खात्री करा, रविवारी सकाळची वेळ ठेवा. आणि त्या सात जणांच्या प्रश्नांची यादी करून मला पाठवा, कलमं कशी लिहायची ते आपण एकेक करून बघू.